पीओवर दिलेला अ‍ॅडव्हान्स: माल दोन लॉटमध्ये आला तर पहिल्या बिलात किती वळता करायचा?

पूर्वा_हिंगणा · सोमवार, सकाळी १०:१२

नमस्कार मंडळी. हिंगणा एमआयडीसीत एका फॅब्रिकेशन युनिटमध्ये खरेदीची बाजू आणि खाती मी बघते. प्रश्न थोडा लांब आहे, पण आकडे दिल्याशिवाय कळणार नाही.

एका पुरवठादाराला ३ एमएम एचआर शीटची पीओ दिली. १० टन, ६० रुपये किलो. म्हणजे ६,००,००० आणि १८ टक्के जीएसटी १,०८,०००, एकूण ७,०८,०००. अटीत लिहिलंय "२५ टक्के अ‍ॅडव्हान्स, बाकी माल मिळाल्यावर ७ दिवसांत". त्याप्रमाणे १,७७,००० आरटीजीएस केले.

आता माल एकदम आला नाही. पहिल्या गाडीत ६ टन आले, त्याचं वेगळं टॅक्स इन्व्हॉइस ४,२४,८०० चं. उरलेले ४ टन पुढच्या पंधरवड्यात देतो म्हणाले.

आमचे मालक म्हणतात, १,७७,००० पूर्ण वजा करून २,४७,८०० चा चेक काढ. पुरवठादार म्हणतो, तसं नाही, अ‍ॅडव्हान्स पूर्ण ऑर्डरचा आहे, पहिल्या बिलात त्याच्या हिश्शाचाच वळता होईल, बाकीचा दुसऱ्या लॉटला. पीओत याबद्दल एक अक्षर नाही. बरोबर कोण?

दुसरं म्हणजे, माझ्या आधीच्या अकाउंटंटने "अ‍ॅडव्हान्स टू सप्लायर्स" असं एक वेगळं लेजर उघडून सगळ्या पार्ट्यांचे अ‍ॅडव्हान्स त्यात टाकलेत. त्यामुळे पार्टीच्या आउटस्टँडिंगला पूर्ण ४,२४,८०० देणे दिसतंय.

---

टॅली_राजा · सोमवार, सकाळी १०:४०

ताई, सोपं आहे. अ‍ॅडव्हान्स दिला त्या दिवशी पुरवठादाराकडून रिसीट व्हाउचर मागायचं. १,७७,००० मध्ये २७,००० जीएसटी आहे, त्याचं क्रेडिट आधीच घेऊन टाका. मग बिल आलं की टॅक्सेबल व्हॅल्यूतून अ‍ॅडव्हान्स वजा करून उरलेल्यावरच जीएसटी लावायला सांगा. नाहीतर एकाच मालावर दोनदा टॅक्स भरून राहिले तुम्ही.

---

जुना_मुनीम · सोमवार, दुपारी १२:०५

राजा, हे सर्व्हिसचं गणित तू मालाला लावतोयस. सेवेसाठी अ‍ॅडव्हान्स घेतला तर घेणाऱ्याला त्याच वेळी जीएसटी भरावा लागतो, हे खरं. पण मालाच्या अ‍ॅडव्हान्सवर १५ नोव्हेंबर २०१७ पासून पुरवठादाराला टॅक्स भरायचा नाही. नोटिफिकेशन ६६/२०१७. बिल काढेल तेव्हाच तो पूर्ण टॅक्स भरेल. त्यामुळे १,७७,००० मध्ये "२७,००० जीएसटी" आहे ही फक्त आपल्या डोक्यातली विभागणी. पुरवठादाराने सरकारला तेव्हा काही भरलेलंच नाही, तर क्रेडिट कशाचं घेणार? आणि भरलं असतं तरी अ‍ॅडव्हान्सच्या पावतीवर क्रेडिट मिळत नाही. टॅक्स इन्व्हॉइस हातात हवं आणि माल गेटच्या आत हवा.

बिलातली टॅक्सेबल व्हॅल्यू ३,६०,००० च राहील, तिच्यावर ६४,८००. अ‍ॅडव्हान्स दाखवायचाच असेल तर एकूण रकमेच्या खाली "वजा: अ‍ॅडव्हान्स" अशी ओळ टाकतात, टॅक्स लावून झाल्यावर. वरच्या आकड्यातून कापून आणलं तर २बी मध्ये तुमची खरेदीच कमी दिसेल आणि स्टॉकचा भाव बिघडेल.

पूर्वाताईंच्या मूळ प्रश्नावर संध्याकाळी लिहितो. आत्ता दुकानात मालक समोर बसलेत.

---

लकडगंज_फर्निचर · सोमवार, दुपारी १:१५

माझा पण हाच प्रश्न. मी गिऱ्हाइकाकडून सोफ्याच्या ऑर्डरवर निम्मे पैसे आधी घेतो. त्यावर मला जीएसटी भरायचा का? आणि गिऱ्हाईक ऑर्डर रद्द करून पैसे वापस मागत असेल तर?

---

आर्टिकल_तिसरं_वर्ष · सोमवार, दुपारी १:३२

दादा, हा वेगळा विषय, इथे देणाऱ्याची बाजू चालू आहे. थोडक्यात: तयार सोफा विकता तर तो माल, अ‍ॅडव्हान्सवर आत्ता टॅक्स नाही, अट एवढीच की तुम्ही कंपोझिशनमध्ये नसावं. गिऱ्हाइकाचं लाकूड-कापड घेऊन फक्त मजुरी करत असाल तर ती सेवा, मग उत्तर बदलतं. वेगळा धागा काढा, तिथे लिहिते.

पूर्वाताई, एक शंका. माल लॉटमध्ये येत असेल तर शेवटचा लॉट आल्यावरच आयटीसी घेता येतो ना? कलम १६(२) च्या पहिल्या परंतुकात तसं आहे.

---

जुना_मुनीम · सोमवार, रात्री ८:५०

आर्टिकलबाई, परंतुक बरोबर वाचलंत, फक्त एक शब्द सुटला. ते लागू होतं एकाच इन्व्हॉइसचा माल लॉटमध्ये येतो तेव्हा. मशीन पाच ट्रकमध्ये सुटं होऊन येतं, बिल एकच असतं, तिथे. पूर्वाताईंच्या प्रत्येक गाडीचं बिल वेगळं आहे. ६ टनांचं क्रेडिट त्या ६ टनांबरोबरच मिळेल, पीओ पूर्ण व्हायची वाट बघायला नको.

आता मूळ गोष्ट. मालक आणि पुरवठादार, दोघांपैकी कायद्याने बरोबर असं कोणी नाही, कारण पीओच गप्प आहे. व्यवहार काय आहे ते आधी बघू.

हिश्शाने वळता करायचा तर पहिला लॉट ६० टक्के, म्हणून अ‍ॅडव्हान्सचेही ६० टक्के, म्हणजे १,०६,२००. पहिल्या बिलावर देणं राहतं ३,१८,६००. दुसऱ्या लॉटचं बिल २,८३,२०० चं येईल, त्यातून उरलेले ७०,८०० जातील आणि २,१२,४०० द्यायचे. पूर्ण पहिल्यातच वळता केला तर आत्ता २,४७,८०० आणि नंतर २,८३,२००. शेवटी बेरीज ७,०८,००० च होणार.

म्हणजे भांडण ७०,८०० चं आहे, आणि तेही कोणाचे हे नाही, मधल्या पंधरवड्यात ते कोणाच्या हातात राहतील एवढंच. पुरवठादाराच्या हातात राहिले तर दुसरा लॉट न आल्यास तुमचे ७०,८०० अडकतील. तुमच्या हातात राहिले तर तुम्ही दुसरा लॉट नाकारल्यास त्याच्याकडे काही उरत नाही. मालकांना हे असं सांगा, मग ते स्वतः ठरवतील की या पुरवठादारावर ७०,८०० चा भरवसा आहे का.

पुढच्या पीओत मात्र एक ओळ टाका: "अ‍ॅडव्हान्स प्रत्येक बिलातून मालाच्या किमतीच्या प्रमाणात वळता होईल" किंवा "पहिल्या बिलातून पूर्ण वळता होईल". कोणतीही चालेल, पण एक असू द्या.

---

पत्रावाला_वाडी · सोमवार, रात्री ९:२०

मी पुरवठादाराच्या बाजूचा माणूस, वाडीला गोदाम आहे, म्हणून बोलतो. अ‍ॅडव्हान्स आम्ही कायले घेतो? पैसे नाहीत म्हणून नाही. गिऱ्हाईक १० टनांचा भाव घेते, ६ टन उचलते, तोवर बाजार खाली आला की बाकी ४ टन दुसऱ्याकडून घेते. आम्ही तर १० टन पुढे बुक करून बसलेलो असतो. तो अ‍ॅडव्हान्स पूर्ण ऑर्डर उचलायची जामीन आहे बाप्पा. पहिल्याच बिलात पूर्ण कापून घेतला तर बाकी ४ टनांसाठी आमच्या हातात काय राहिलं? तुमच्या पुरवठादाराचं म्हणणं मले तरी वाजवी वाटते.

---

बुटीबोरी_शिफ्ट · सोमवार, रात्री ९:४८

वाडीवाले भाऊ, तुमची बाजू पटली, पण उलटंही होतं ना. बाजार वर गेला की तुम्ही लोक ४ टन देतच नाही.

आमच्या प्लांटमध्ये सॅप आहे, तिथला अनुभव सांगतो. अ‍ॅडव्हान्स F-48 ने स्पेशल जीएल मध्ये जातो, म्हणजे पूर्वाताईंच्या आधीच्या अकाउंटंटचंच वेगळं लेजर, फक्त पार्टीला जोडलेलं. माल आला, MIRO मध्ये बिल बुक करताना "या पीओवर डाऊन पेमेंट आहे" असा पिवळा मेसेज येतो. करणारा एंटर दाबून पुढे जातो. मग कोणीतरी F-54 करून अ‍ॅडव्हान्स बिलाशी क्लिअर करायचा असतो, तो राहून जातो. आमच्या सेटिंगमध्ये F110 चं पेमेंट रन स्पेशल जीएलकडे बघतच नाही, त्यामुळे बिल पूर्ण निघून जातं. एकदा एका कन्व्हेयर बेल्टच्या पार्टीला असं दोनदा पेमेंट गेलं, आणि पार्टीने चार महिने तोंड उघडलं नाही.

---

पूर्वा_हिंगणा · मंगळवार, सकाळी ९:३०

बुटीबोरीदादा, माझी भीती हीच आहे. आमच्याकडे शनिवारी मालक आउटस्टँडिंगची यादी मागतात आणि त्यावरून चेक निघतात. त्या यादीत ४,२४,८०० दिसलं की कोण विचारणार अ‍ॅडव्हान्स कुठे आहे?

काका, टॅलीत नेमकं काय करू? वेगळं लेजर ठेवू की बंद करू?

---

जुना_मुनीम · मंगळवार, सकाळी ११:१०

बंद करा. निदान त्यातल्या रकमा पार्टीच्या लेजरमध्ये आणा. आधी पार्टीच्या लेजरमध्ये Maintain balances bill-by-bill ला Yes आहे का बघा, ते नसेल तर पुढचं काहीच चालणार नाही.

मग अ‍ॅडव्हान्स दिल्याच्या तारखेलाच जर्नल टाका: पार्टी डेबिट १,७७,०००, "अ‍ॅडव्हान्स टू सप्लायर्स" क्रेडिट १,७७,०००. पार्टी डेबिट करताना बिल-वाइज विचारेल तिथे Advance निवडा आणि नाव म्हणून पीओचा नंबर टाका, समजा PO-112. सगळा जीव या नावात आहे. चेक नंबर किंवा "अ‍ॅडव्हान्स" एवढंच लिहिलं तर सहा महिन्यांनी एका पार्टीचे चार अ‍ॅडव्हान्स समोर येतील आणि कोणता कोणत्या ऑर्डरचा हे देवालाच माहीत.

आता पहिल्या लॉटची खरेदी एंट्री उघडा. पार्टीचे ४,२४,८०० क्रेडिट आहेत, त्याच्या बिल-वाइजमध्ये दोन ओळी करा:

```
Agst Ref   PO-112        1,06,200
New Ref    (बिल नंबर)     3,18,600
```

झालं. शनिवारच्या यादीत आता या बिलासमोर ३,१८,६०० दिसेल आणि PO-112 समोर डेबिट बाजूला ७०,८०० उभे राहतील. मालकांनी पूर्ण वळता करायचं ठरवलं तर पहिल्या ओळीत १,७७,००० आणि दुसरीत २,४७,८००.

एक करू नका: On Account. घाईत सगळे तेच दाबतात. एकूण शिल्लक बरोबर येते म्हणून कोणाला संशय येत नाही, पण कोणतं बिल भागलं हे त्यातून कधीच कळत नाही.

---

आर्टिकल_तिसरं_वर्ष · मंगळवार, दुपारी १२:२५

काका, एका मुद्द्यावर असहमत. पार्टीच्या एकाच लेजरमध्ये ठेवलं तर ३१ मार्चला पार्टीची निव्वळ शिल्लक क्रेडिट दिसते आणि न आलेल्या मालाचा अ‍ॅडव्हान्स त्यात बुडून जातो. ताळेबंदात तो मालमत्तेच्या बाजूला वेगळा दिसायला हवा. आमचे सर म्हणूनच वेगळं लेजर ठेवायला लावतात.

---

जुना_मुनीम · मंगळवार, दुपारी १२:५०

सरांचं म्हणणं ताळेबंदापुरतं खरं आहे. वर्षातून एकदा बिल-वाइज यादीतून न वळलेले अ‍ॅडव्हान्स काढून ती रक्कम वेगळी दाखवायला अर्धा तास लागतो. त्या अर्ध्या तासासाठी वर्षभर प्रत्येक शनिवारी दोनदा पेमेंट जायचा धोका मी तरी घेणार नाही. वेगळं ठेवायचंच असेल तर पार्टीनिहाय वेगळं ठेवा, सगळ्यांचं एकत्र खिचडी लेजर नको.

---

आर्टिकल_तिसरं_वर्ष · मंगळवार, दुपारी १:०५

पार्टीनिहायवर आपलं जमलं. एकाच लेजरवर मात्र नाही.

---

संत्रा_ट्रेडर्स · मंगळवार, संध्याकाळी ५:३०

टीडीएसचं कोणी बोललंच नाही. आमची उलाढाल १० कोटींच्या वर, एका पार्टीकडून खरेदी वर्षात ५० लाखांच्या वर गेली. मालाच्या खरेदीवरचा टीडीएस लागतो, ०.१ टक्का. अ‍ॅडव्हान्स १० लाख द्यायचा होता, १,००० कापून बँकेतून ९,९९,००० पाठवले. अकाउंटंटने अ‍ॅडव्हान्सची रेफ ९,९९,००० ची बनवली. बिल आलं तेव्हा सॉफ्टवेअरने पूर्ण बिलावर पुन्हा टीडीएस काढला. पार्टी आता भांडून राहिली.

---

जुना_मुनीम · मंगळवार, संध्याकाळी ६:४०

तुमच्याकडे दोन गोष्टी झाल्या. रेफ १०,००,००० ची हवी होती, कारण पार्टीचे १० लाख भागले, त्यातले १,००० सरकारकडे गेले. जर्नलने ती १,००० ने वाढवा. दुसरं, टीडीएस पेमेंट किंवा बिल, जे आधी होईल त्यावर कापायचा. अ‍ॅडव्हान्सवर कापला म्हणजे तेवढ्या रकमेवर झाला, बिलावर फक्त उरलेल्यावर.

उरलेलं किती, इथे मात्र डोकं खाजवावं लागतं. बिलावर जीएसटी वेगळा दाखवलेला असला तर तो सोडून टीडीएस, पण अ‍ॅडव्हान्समध्ये जीएसटी किती हे ओळखता येत नाही म्हणून पूर्ण रकमेवर, असं सीबीडीटीच्या २०२१ च्या १३ नंबर सर्क्युलरमध्ये आहे. मग बिलाच्या मूळ किमतीतून अख्खे १० लाख वजा करायचे की त्यातला मालाचाच भाग? दोन्ही पद्धतीने करणारे ऑडिटर मी पाहिलेत. तुमच्या सीएला विचारा.

पूर्वाताई, तुमची उलाढाल १० कोटींच्या आत असेल तर हे सगळं सोडून द्या.

---

पूर्वा_हिंगणा · मंगळवार, संध्याकाळी ७:१५

१० कोटींच्या बऱ्याच आत आहोत, त्यामुळे सुटले.

पण आज नवीनच निघालं. गाडी आली त्या दिवशी आमच्या सुपरवायझरने बाहेरच्या धर्मकाट्यावर भरलेली आणि रिकामी दोन्ही वजनं केली होती, पावत्या माझ्याकडे आज आल्या. माल भरला ५,९४० किलो. बिल ६,००० चं. अ‍ॅडव्हान्स आता ६० टक्क्यांऐवजी ५९.४ टक्के वळता करायचा का?

---

जुना_मुनीम · मंगळवार, रात्री ८:००

नाही, ते दोन धागे एकमेकांत गुंतवू नका. अ‍ॅडव्हान्स बिलाप्रमाणे वळता करा, १,०६,२०० च. तुटीचं वेगळं: ६० किलो गुणिले ६० म्हणजे ३,६००, त्यावर जीएसटी ६४८, एकूण ४,२४८ ची डेबिट नोट. ती त्याच बिल नंबरवर Agst Ref टाकून करा, म्हणजे देणं ३,१८,६०० वरून ३,१४,३५२ वर येईल. पुरवठादाराला क्रेडिट नोट काढायला सांगा, ती २बी मध्ये दिसेल आणि ६४८ चं क्रेडिट तुम्ही उलटवाल.

त्याआधी पीओत वजनाची सूट लिहिली आहे का बघा. दोन काट्यांत थोडा फरक पडतोच.

---

पत्रावाला_वाडी · मंगळवार, रात्री ८:२५

सहा टनांत ६० किलो म्हणजे एक टक्का. आम्ही अर्ध्या टक्क्यापर्यंत बोलत नाही, त्याच्यावर गिऱ्हाइकाचं ऐकतो. पण पावतीवर गाडी नंबर आणि वेळ पाहिजे. चार दिवसांनी आणलेली पावती आम्ही पण मानत नाही.

---

पूर्वा_हिंगणा · गुरुवार, दुपारी ४:१०

अपडेट. पावतीवर गाडी नंबर, वेळ सगळं होतं, पुरवठादाराने ४,२४८ मान्य केले. क्रेडिट नोट महिनाअखेर देतो म्हणाला. मालकांना ७०,८०० चं गणित दाखवलं, ते म्हणाले जुना माणूस आहे, हिश्शाने जाऊ दे. ३,१४,३५२ आज गेले.

आणि आजच दुपारी फोन: दुसऱ्या लॉटचा भाव ६३ रुपये पडेल, बाजार चढला. ४ टनांवर ३ रुपयांनी १२,००० आणि जीएसटी धरून १४,१६०. "तुमचे ७०,८०० आहेतच माझ्याकडे, त्यातून कापून घेतो, वेगळे पाठवू नका."

---

बुटीबोरी_शिफ्ट · गुरुवार, दुपारी ४:३२

घ्या. मी म्हटलंच होतं.

---

पत्रावाला_वाडी · गुरुवार, संध्याकाळी ५:०५

हे चुकीचं करून राहिला तो. अ‍ॅडव्हान्स घेतला त्या दिवशी १० टनांचा भाव बांधला गेला. जामीन दोन्हीकडून असते. पीओत भाव किती दिवस पक्का हे लिहिलंय का?

---

जुना_मुनीम · गुरुवार, संध्याकाळी ६:२०

तो अ‍ॅडव्हान्समधून काही "कापू" शकत नाही, भाव वाढवायचा तर वाढीव भावाचं बिलच काढावं लागेल त्याला. ६३ चं बिल आलं तर ते पीओच्या ६० शी जुळणार नाही. तसं बिल बुक करू नका, २,८३,२०० च्या बिलाचा आग्रह लेखी धरा, ईमेलवर, पीओ नंबर घालून. PO-112 चे ७०,८०० तोवर तसेच उभे राहू द्या, दुसऱ्या कुठल्या बिलात वळवू नका. मागच्या महिन्यांतली याच पार्टीची काही देणी बाकी आहेत का?

---

पूर्वा_हिंगणा · गुरुवार, संध्याकाळी ६:४५

आहे. कटिंगच्या मजुरीचं एक बिल आहे, ३८,००० च्या आसपास, देय तारीख पुढच्या आठवड्यात. पीओत भावासमोर "फर्म" लिहिलंय, पण किती दिवस ते नाही. मजुरीचं बिल रोखून धरू का? मालक म्हणतात धर, मला ते बरोबर वाटत नाही. तो वेगळा व्यवहार आहे.

---

संत्रा_ट्रेडर्स · गुरुवार, रात्री ९:१०

धरा बिनधास्त. आमच्याकडे असंच चालते.

---

जुना_मुनीम · गुरुवार, रात्री ९:४०

मी धरणार नाही. त्याची नोंदणी सूक्ष्म किंवा लघु उद्योगात असेल तर मजुरीच्या बिलाची मुदत चुकल्यावर व्याजाचा आणि आयकरात तो खर्च पैसे देईपर्यंत वजा न मिळण्याचा प्रश्न तुमच्यावर येईल, आणि मग भावाच्या भांडणात तोच बरोबर दिसेल. आधी त्याच्या बिलावर उद्यम नंबर आहे का तेवढं बघून सांगा.